चेक परत आल्यावर गिऱ्हाइकाला नोटीस: रक्कम किती लिहायची आणि दिवस कसे मोजायचे

प्रश्न: माझं चोपड्याला पाईप आणि मोटारींचं दुकान आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका ठेकेदार गिऱ्हाइकाने १,८५,००० रुपयांचा, ५ जानेवारी २०२६ तारखेचा चेक दिला. मी १२ तारखेला बँकेत टाकला. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आल्याचा मेसेज १३ ला आला, मेमो मी १६ ला जाऊन आणला. वहीत त्याच्याकडे बिलांचे १,९८,४०० आणि व्याज ३३,०००, असे २,३१,४०० निघतात. नोटिशीत पूर्ण बाकी लिहू का? किती दिवसांची मुदत द्यायची? तो म्हणतो, महिनाभर थांबा, मग परत टाका.

उत्तर:

भाऊ, नोटिशीत फक्त १,८५,००० मागा. मुदत 'नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस' एवढीच द्या. आणि नोटीस १२ फेब्रुवारी २०२६ च्या आत पोस्टात पडलीच पाहिजे; माझं ऐकाल तर याच आठवड्यात टाका. तो म्हणतो म्हणून महिनाभर थांबू नका.

आता कारणं सांगतो. जळगाव-धुळ्याच्या कोर्टांत चेकच्या केसेस लढताना मी पाहिलंय, की माल खरा, बिलं खरी, सही खरी, आणि तरी माणूस केस हरतो तो या दोन पानांच्या नोटिशीमुळे. एकदा ती पोस्टात पडली की नंतर कितीही हुशार वकील दिला तरी त्यातली चूक पुसता येत नाही.

आधी रकमेचं बघू. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ खाली नोटीस कशासाठी असते? ज्या रकमेचा चेक परत आला, ती रक्कम भरायला गिऱ्हाइकाला शेवटची संधी देण्यासाठी. कायद्याच्या शब्दांत मागणी 'सदर रकमेची' करायची असते, आणि सदर रक्कम म्हणजे चेकवरचा आकडा. वहीतली बाकी नव्हे. वहीची भाषा वेगळी आणि या कलमाची भाषा वेगळी. तुम्ही २,३१,४०० मागितले तर समोरचा वकील एकच प्रश्न विचारील: माझ्या अशिलाने १,८५,००० भरले असते तर तुमच्या नोटिशीप्रमाणे तो सुटला असता का? तुमच्या नोटिशीप्रमाणे नसता सुटला. म्हणजे कायद्याने दिलेली संधी त्याला मिळालीच नाही, आणि नोटीस बाद.

हे माझं मत नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ तुमच्यासारखंच प्रकरण होतं. चेक एक लाखाचा होता आणि नोटिशीत बिलांची सगळी बाकी, आठ लाखांच्या वर, एका दमात मागितली होती. चेकची रक्कम वेगळी करून मागितलीच नव्हती. ती नोटीस टिकली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर न्यायालय आणखी कडक झालं. तिथे चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. तक्रारदार म्हणाला, टायपिंगची चूक आहे. न्यायालयाने सांगितलं, नोटिशीतली रक्कम चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळली पाहिजे, टायपिंगची सबब चालणार नाही. म्हणून मी हल्ली नोटीस छापून आल्यावर चेकची झेरॉक्स शेजारी ठेवतो आणि आकडा बोटाने एकेक अंक धरून वाचतो. अक्षरी रक्कमही वाचतो. चेक नंबर, तारीख, बँक, शाखा, मेमोची तारीख, सगळं असंच. टायपिस्ट जुन्या नोटिशीवरच नवी नोटीस चढवतो आणि मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा एखाद्या ओळीत तसाच राहून जातो. हे फार होतं.

२००० सालच्या एका निकालात असं आहे, की चेकची रक्कम स्पष्ट वेगळी मागितली असेल आणि नोटिशीचा खर्च, व्याज वगैरे वेगळ्या ओळीत असेल, तर नोटीस त्याने बिघडत नाही. त्यामुळे बरेच वकील आजही खाली व्याज आणि नोटीस खर्च जोडतात. मी जोडत नाही. ते जोडून या कलमाखाली एक रुपया जास्त मिळत नाही, आणि समोरच्याला वाद घालायला एक जागा मात्र मिळते.

मग तुमचे उरलेले ४६,४०० सोडायचे का? अजिबात नाही. तुमच्या वहीप्रमाणे बिलं १,९८,४०० ची आहेत आणि व्याज ३३,००० धरलंय. म्हणजे चेक सोडून बिलांचे १३,४०० आणि व्याज, एवढं बाहेर राहतं. त्याची मागणी वेगळ्या पत्राने करा आणि गरज पडली तर दिवाणी दावा करा. व्याज मागायचं तर ते ठरलेलं होतं हे दिसलं पाहिजे: बिलावर छापलेलं, किंवा गिऱ्हाइकाची सही असलेलं काहीतरी. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा सर्वांत जुन्या बिलाची तारीख आजच पाहून ठेवा. पण ही सगळी दुसरी गाडी आहे. चेकच्या नोटिशीच्या गाडीत ती जोडू नका.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती नोटीस टाइप करायला देण्याआधी तपासा. त्याने तुम्हाला चेक दिला तो दिवस, आणि तुम्ही बँकेत टाकला तो १२ जानेवारी, या दोन दिवसांच्या मध्ये त्याने काही पैसे दिले का? रोख, फोन पे, किंवा तुमच्या मुलाच्या मोबाईलवर? मुलाच्या, भावाच्या, दुकानातल्या पोराच्या नंबरवर आलेले पैसेही विचारून घ्या.

का, ते सांगतो. अमळनेरकडचे माझे एक अशील होते, बियाणं-खताचे व्यापारी. गिऱ्हाइकाने तीन लाखांचा पुढच्या तारखेचा चेक दिला होता. मध्ये कापूस विकला गेला तेव्हा गिऱ्हाइकाने ४०,००० मोबाईलवर पाठवले. अशिलांनी ते वहीत जमा केले, प्रामाणिकपणे केले, पण चेक मात्र तीन लाखांचाच बँकेत टाकला आणि नोटीसही तीन लाखांचीच दिली. ती नोटीस माझ्याकडची नव्हती, केस पुढे माझ्याकडे आली. उलटतपासात त्यांचीच वही त्यांना दाखवली गेली. चेक बँकेत गेला त्या दिवशी देणं २,६०,००० होतं, मग तीन लाखांच्या देण्यासाठीचा चेक परत आला असं कसं म्हणणार? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला आहे. चेक दिल्यावर आणि वटवण्याआधी काही रक्कम आली असेल, तर ती चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेसाठीच चेक मांडावा लागतो. तसं न करता पूर्ण रकमेचा चेक मांडला आणि तो परत आला, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. माझे अशील हरले. त्यांचे पैसे खरे होते आणि ते हरले. ते निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर बराच वेळ नुसते बसून होते, ते मला अजून दिसतं.

तुमच्याबाबतीत असं काही निघालं तर ही नोटीस पाठवू नका. त्याच्याकडून उरलेल्या रकमेचा नवा चेक मागा आणि जुना लेखी पोच घेऊन परत करा. चेकवर नोंद करण्याचा रस्ता कायद्यात आहे, पण चेकवर काही लिहिलेलं, खोडलेलं दिसलं की आजच्या स्कॅन करून क्लिअरिंगला जाणाऱ्या चेकना बँका अडवतात. नवा चेक हाच सरळ मार्ग. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी धरून चालतो, की मध्ये काही आलेलं नाही.

आता दिवस. या कलमात तीन मुदती एकामागून एक येतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. तुमच्याच तारखांवर मोजतो.

पहिली मुदत नोटीस देण्याची. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवस. पूर्वी हे १५ दिवस होते, २००२ च्या दुरुस्तीने ३० झाले. जुने लोक अजून पंधराच सांगतात, ते मनावर घेऊ नका. माहिती कधी मिळाली? तुम्ही म्हणाल मेमो १६ ला हातात आला. पण मेसेज १३ ला आला आहे, आणि तो मेसेज बँकेचाच आहे. १६ धरून वाद घालता येईल, पण घालायचा कशाला? मी नेहमी लवकरची तारीख धरतो. माहिती मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. म्हणजे १४ जानेवारी हा पहिला दिवस. ३१ जानेवारीला १८ दिवस होतात, आणि फेब्रुवारीचे १२ मिळवले की ३०. म्हणून १२ फेब्रुवारी. तोपर्यंत नोटीस तुमच्या हातून योग्य पत्त्यावर रवाना झाली पाहिजे. त्याला मिळायला नंतर चार दिवस लागले तर चालतं.

ही मुदत चुकली तर कोर्ट माफ करू शकत नाही. पुढची फिर्यादीची मुदत चुकली तर निदान सबळ कारण दाखवून माफी मागता येते. इथे ती सोयच नाही.

आता तो म्हणतो 'महिनाभर थांबा'. त्याला कदाचित खरंच पैसे यायचे असतील, केळीचे किंवा कुठल्या कामाच्या बिलाचे. पण महिनाभर थांबलात की १२ फेब्रुवारी निघून जाते. चेक वैध असेपर्यंत तो पुन्हा टाकता येतो, पुन्हा परत आला तर नवा मेमो, नवे ३० दिवस मिळतात, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्कं केलं आहे. म्हणून पहिल्यांदा मुदत चुकलेल्याला हा एक दरवाजा उघडा राहतो. पण चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तुमचा चेक ५ जानेवारीचा. तीन महिने ५ एप्रिलला संपतात आणि तो रविवार आहे, त्याआधी ३ एप्रिलला गुड फ्रायडे, १ एप्रिलला बँकांचं वार्षिक क्लोजिंग. म्हणजे खरं पाहिलं तर मार्चअखेरच. एवढ्या काठावर जाऊ नका. 'आज देतो, सकाय देस' हे ऐकत लोकांचा चेक शिळा झालेला मी पाहिला आहे. नोटीस पाठवली म्हणजे संबंध तुटला असं नसतं. त्याला फोन करून सांगा, भाऊ, मुदतीपुरती नोटीस पाठवतोय, तू पैसे भर, मी पुढे काही करत नाही. समजूतदार माणूस समजून घेतो.

दुसरी मुदत त्याची, पैसे भरण्याची. नोटीस त्याला मिळाल्यापासून १५ दिवस. 'नोटिशीच्या तारखेपासून' असं लिहू नका, आणि दम देण्यासाठी 'सात दिवसांत' तर मुळीच लिहू नका. ही मुदत तुम्ही द्यायची नसते, कायद्याने आधीच ठरवलेली आहे. तुम्ही ती फक्त बरोबर लिहायची. समजा तुम्ही गुरुवारी २२ जानेवारीला स्पीड पोस्ट केलं. सोमवारी २६ ला सुट्टी. मंगळवारी २७ ला शिरपूर तालुक्यात त्याच्या हातात पडलं. २७ सोडायची. २८ पासून मोजलं की जानेवारीचे चार आणि फेब्रुवारीचे अकरा, म्हणजे ११ फेब्रुवारीची रात्र संपेपर्यंत त्याला पैसे भरायचा हक्क आहे.

त्या आधी फिर्याद दाखल करायची नाही. अकराव्या तारखेला सकाळी दाखल केलेली फिर्याद ही फिर्यादच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे. पुढे १५ दिवस उलटून गेले म्हणून ती आपोआप बरी होत नाही.

तिसरी मुदत तुमची, फिर्यादीची. ११ फेब्रुवारीला पैसे आले नाहीत तर १२ फेब्रुवारीला फिर्यादीचं कारण घडतं, आणि तिथून एक महिना. इथे नीट बघा. कायद्यात '३० दिवस' नाही, 'एक महिना' आहे, म्हणजे कॅलेंडरचा महिना. कारण घडल्याचा दिवस सोडून तो १२ मार्चला संपतो. फेब्रुवारी २८ दिवसांचा असल्याने हे प्रत्यक्षात २८ दिवसच होतात. बोटावर तीस मोजणारा माणूस १४ मार्च म्हणेल आणि दोन दिवसांनी चुकेल. वर १४ मार्च हा दुसरा शनिवार, कोर्ट बंद.

फिर्याद शिरपूरला करायची की चोपड्याला, हेही विचाराल. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हेच ठरलं आहे. तुमचं खातं चोपड्याच्या शाखेत असेल तर चोपड्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. शिरपूरला जायची गरज नाही.

नोटीस कुणाच्या नावाने? चेकवर बघा. खातं कुणाचं आहे आणि सही कुणाची आहे. माल मुलगा नेतो, धंदा बापाचा, खातं आईच्या नावावर, असं आपल्याकडे घरोघरी असतं. या कलमाखाली जबाबदार तो, ज्याच्या खात्याचा चेक आहे आणि ज्याने तो दिला. एकट्या मालकाचं दुकान असेल तर 'अमुक फर्म, प्रोप्रायटर तमुक' असं पूर्ण लिहा. भागीदारी असेल तर फर्मला आणि सही करणाऱ्या व कारभार पाहणाऱ्या भागीदारांना नावानिशी. कंपनी असेल तर कंपनीला स्वतंत्र पाठवा. कंपनीला वगळून नुसत्या डायरेक्टरवर फिर्याद चालत नाही.

पत्ते जेवढे माहीत तेवढे टाका: गावचं घर, दुकान किंवा ऑफिस, जीएसटी बिलावरचा. प्रत्येक पत्त्यावर वेगळा लिफाफा. गावाचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन पूर्ण लिहा. चोपडा तालुक्यातल्या गावाच्याच नावाचं गाव शिरपूर किंवा यावल तालुक्यात असू शकतं, आणि लिफाफा भलत्या पोस्टात फिरत राहतो. रजिस्टर पोस्ट ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा आता स्पीड पोस्टच. पावतीवरचा नंबर इंडिया पोस्टच्या वेबसाईटवर टाकून रोज पाहा आणि 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी त्या पानाची प्रिंट काढून फाईलला लावा, कारण काही काळाने ती नोंद दिसेनाशी होते. व्हॉट्सअॅपवर पीडीएफही पाठवा, दोन निळ्या टिक उपयोगी पडतात. पण ते पोस्टाच्या जागी नाही, पोस्टाच्या जोडीला.

त्याने घेतलीच नाही तर? पोस्टमन 'घेण्यास नकार' किंवा 'सूचना दिली, नेली नाही' असा शेरा मारून लिफाफा परत आणतो. घाबरायचं कारण नाही. पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असं कायदा धरतो. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नीट समजावून सांगितलं आहे. परत आलेला लिफाफा फोडू नका. तो बंदच्या बंद कोर्टात द्यायचा. पण 'पत्ता अपुरा' किंवा 'गाव सोडून गेले' असा शेरा असेल तर लगेच दुसरा पत्ता शोधून पुन्हा पाठवा, अर्थात १२ फेब्रुवारीच्या आत. नोटीस शेवटच्या दिवसावर न ठेवण्याचं हेच कारण.

अशा परत आलेल्या लिफाफ्यात १५ दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद होतो. मी काय करतो ते सांगतो. समजा पोस्टमनने २७ जानेवारीला सूचना दिली आणि ४ फेब्रुवारीला परत पाठवल्याचा शेरा मारला. २७ पासून धरलं तर फिर्यादीची मुदत १२ मार्चला संपते. ४ पासून धरलं तर पंधरा दिवस १९ फेब्रुवारीला संपतात. म्हणून २० फेब्रुवारी ते १२ मार्च या दरम्यान फिर्याद दाखल केली की दोन्ही हिशोबांनी ती वेळेत बसते. घाईची ठरत नाही आणि उशिराचीही ठरत नाही.

आता नोटिशीचा मजकूर. ती मराठीत चालते. वकिलाच्या लेटरहेडवर असायलाच हवी असंही नाही. तुम्ही स्वतः सही करून पाठवलेलीही कायदेशीर असते. पण रक्कम मोठी आहे, तेव्हा वकिलाकडून एकदा नजरेखालून घाला. गाभा असा असावा:

"आपण माझ्या दुकानातून वेळोवेळी पाईप व पंपसंच उधारीवर नेले. त्यापोटीच्या देण्याच्या फेडीसाठी आपण मला आपल्या ........ बँक, ........ शाखेतील खात्याचा चेक क्र. ........, दिनांक ५ जानेवारी २०२६, रक्कम रुपये १,८५,००० (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार फक्त) आपल्या सहीने दिला. सदर चेक मी दिनांक १२ जानेवारी २०२६ रोजी माझ्या ........ बँक, चोपडा शाखेतील खात्यात वटवण्यासाठी भरला. तो 'फंड्स इन्सफिशियंट' या शेऱ्याने न वटता परत आला. बँकेचा रिटर्न मेमो दिनांक १३ जानेवारी २०२६ चा असून चेक परत आल्याची माहिती मला त्याच दिवशी मिळाली. तरी ही नोटीस आपणास मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम रुपये १,८५,००० (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार फक्त) मला द्यावी. तसे न केल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे आपल्याविरुद्ध फिर्याद दाखल करावी लागेल, याची नोंद घ्यावी."

एवढंच. मेमोवर बँकेने १३ ऐवजी दुसरी तारीख टाकली असेल तर मेमोवरचीच लिहा, आणि मुदत मात्र मेसेजच्या दिवसापासूनच मोजा. बिलांचे नंबर घालायचे तर बिलं समोर ठेवून घाला, आठवणीने नको. 'आपण ठग आहात', 'गावात तोंड दाखवू देणार नाही' असलं काही लिहू नका. ही नोटीस पुढे न्यायाधीशांच्या हातात जाते. शिक्षेचं वर्णन रंगवायचीही गरज नाही; दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्याचा वकील त्याला सांगेलच.

दोन प्रती काढा. एक त्याला, एक तुमच्या फाईलला, आणि फाईलच्या प्रतीवरही सही करा. मूळ चेक आणि मूळ मेमो नोटिशीबरोबर पाठवायचे नाहीत. हे सांगायला लागू नये, पण मूळ चेकच लिफाफ्यात घालून पाठवलेला एक माणूस माझ्याकडे आला होता, म्हणून सांगतो.

नोटीस मिळाल्यावर तो बहुतेक फोन करील आणि थोडे पैसे देईल. समजा ५०,००० दिले. घ्या. नाही म्हणू नका. फक्त पावती द्या आणि तीत लिहा, 'चेक क्र. अमुकच्या रकमेपैकी ५०,००० मिळाले, बाकी १,३५,००० येणे.' नोटीस गेल्यावर अर्धवट भरून तो सुटत नाही. पंधरा दिवसांत पूर्ण १,८५,००० आले तरच. पण आलेले पैसे फिर्यादीत लपवू नका, स्पष्ट लिहा. लपवलेले पैसे उलटतपासात निघाले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. पूर्ण पैसे आले तर चेक परत करा, त्याची पोच घ्या आणि विषय तिथेच मिटवा.

नाही आले, तर १२ फेब्रुवारीला सकाळी बँक उघडल्यावर पहिलं काम म्हणजे १ जानेवारी ते ११ फेब्रुवारीचा खातेउतारा काढा आणि त्याच्या नावाची एखादी नोंद रात्री उशिरा आलेली नाही ना, ते बघा. मोबाईलवरचे पैसे मध्यरात्रीपर्यंत येऊ शकतात. उतारा कोरा असेल तर तो, मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, डिलिव्हरीची प्रिंट, बिलं आणि वहीचं पान एवढं घेऊन वकिलाकडे जा.